तिकिटाचे पैसे दिलेत म्हणून बोअर पिक्चर शेवटपर्यंत बसून बघावा का? अर्ध्यात कधी उठायचं याचा काही साधा नियम आहे का?

मी उठतो, पण वाटेल तेव्हा नाही, इंटरव्हललाच. मागच्या उन्हाळ्यातलं सांगतो म्हणजे हिशोब कळेल.

मी आणि बायको सोलापुरात, जुळे सोलापूर भागात राहतो, संध्याकाळी साडेसहाच्या शोला गेलो होतो. तिकिटं १८० प्रमाणे ३६०, पॉपकॉर्न आणि पाणी मिळून २६०, पार्किंग २०, म्हणजे ६४० रुपये गेले. जाहिराती संपून पिक्चर सुरू व्हायलाच पावणेसात वाजले, आठला इंटरव्हल झाला आणि तोपर्यंत मला हिरोचं काय होणार याच्याशी काहीच घेणंदेणं उरलं नव्हतं. बायकोला विचारलं तर तिलाही बोअर झालं होतं, पण म्हणाली, "अहो पैसे दिलेत की, बसू की आता."

तर गंमत इथेच आहे बघा. बसलो तरी ६४० गेलेले, उठलो तरी ६४० गेलेले, दोन्हीकडे आकडा तोच आहे म्हणून तो हिशोबातून काढूनच टाकायचा. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात. उरतं काय तर पुढचा एक तास वीस मिनिटं, आणि ती अजून आपल्या हातात असतात. म्हणून मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: आत्ता बाहेर उभा असतो आणि कुणी म्हणालं की इथून पुढचा भाग फुकट दाखवतो, तर आत गेलो असतो का? तिलाही हेच विचारलं. ती लगेच "नाही" म्हणाली आणि आम्ही उठलो. सव्वाआठला सात रस्ता चौकात होतो, निवांत जेवलो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. १९८५ साली आर्क्स आणि ब्लूमर या दोघांनी एक प्रयोग छापला होता, अमेरिकेतल्या ओहायो युनिव्हर्सिटीच्या नाटकांची सीझन तिकिटं घ्यायला आलेल्या लोकांवर केलेला. काहींना पूर्ण १५ डॉलरला तिकीट दिलं, काहींना कुठलाही निकष न लावता २ नाहीतर ७ डॉलर सूट दिली. नाटकं तीच, पण सीझनच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. दुसऱ्या अर्ध्यात मात्र तो फरक राहिला नाही. म्हणजे पैशाचा डंख ताजा असतो तेव्हाच तो आपल्याला खुर्चीत बसवतो, आणि थिएटरमध्ये तर तो दोन तासांपूर्वीचाच असतो.

आता इंटरव्हललाच का, तर त्याआधी उठलं तर पिक्चरवर अन्याय होतो. पहिली वीस-पंचवीस मिनिटं माणसं आणि गाव ओळखून घेण्यातच जातात, तिथे संथ वाटणं साहजिक आहे. आणि संथ म्हणजे बोअर नाही हे आधी नीट बघायचं. मी असं बघतो की मला एक तरी प्रश्न पडलाय का, ती पोरगी घर सोडेल का, तो खोटं बोलतोय का, असा काहीतरी. असा प्रश्न असेल तर पिक्चर कितीही हळू असू दे, मी बसतो. प्रश्नच नाही आणि हात सारखा मोबाईलकडे जातोय तर उठायचं. फक्त त्या दिवशी आपणच दमलेले नाही ना, झोप झाली होती ना, हे तपासायचं, कारण थकलेल्या माणसाला चांगला पिक्चरही जड जातो.

उलट शेवटची वीस-पंचवीस मिनिटं राहिली असतील तर मी उठत नाही. "एवढं बघितलंय" म्हणून नाही हं, ते परत बुडीत खर्चाचंच बोलणं झालं. राहिलेला वेळच थोडा असतो आणि क्लायमॅक्स तिथेच असतो, म्हणून बसणं स्वस्त पडतं. घरी ओटीटीवर इंटरव्हल नसतो, तिथे मी साधारण पाऊण तासाला पॉज करून हाच प्रश्न विचारतो. शेवटाची हुरहुर लागली तर विकिपीडियावर गोष्ट वाचतो, तीन-चार मिनिटांत कळते. वाचून समाधान झालं तर मला फक्त माहिती हवी होती, आणि वाचून उलट बघावासा वाटला तर दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे लावतो.

एक मात्र बघा, गाडी नसेल, बरोबरच्याला पिक्चर आवडलाय किंवा आईवडलांना घेऊन गेलाय, तर उठण्यालाही खर्च आहे आणि तो बुडीत नाही, खरा आहे, तो हिशोबात धरायचा. माझ्या मित्राला आवडला होता तेव्हा मी त्याला आत बसू दिलं आणि बाहेर चहा घेत थांबलो.