कोंब आलेला कांदा, मऊ पडलेला लसूण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दिवाळी उलटली की उन्हाळ कांद्याच्या गोण्या तळाला येतात, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून मला एकाच गोंधळाची पत्रे येऊ लागतात. कोंब दिसला की लोक घाबरून कांदा फेकतात. कांदा मऊ पडला की मात्र तो कापून, धुऊन वापरतात. काळजी नेमकी उलट जागी करायला हवी, म्हणून निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

कोंब आलेला कांदा विषारी होतो, असे सासूबाई म्हणतात. खरे आहे का? (चाळीसगाव)

नाही. त्यांच्या मनात बटाटा असावा. हिरवा पडलेल्या व कोंब आलेल्या बटाट्यात सोलानिन नावाचे विषारी द्रव्य वाढते. कांद्यात ते नसते. कांद्याचा कोंब म्हणजे त्याची पातच असून ती भरितात खुशाल घालावी. कोंबाने आतला साठा ओढून घेतल्यामुळे कांदा सैल आणि बेचव होत जातो, तेव्हा असे कांदे आधी संपवावेत.

लसणाच्या पाकळीतला हिरवा कोंब काढून टाकावा का? (नंदुरबार)

कच्च्या चटणीत तो किंचित कडवट लागतो म्हणून काढायचा तर काढावा. आरोग्यासाठी त्याची गरज नाही.

गोणीतले काही कांदे दाबल्यावर मऊ लागतात. मऊ भाग कापून उरलेला वापरला तर चालेल का? (शिरपूर)

कांदा दोन कारणांनी मऊ होतो, आणि ती ओळखता आली की उत्तर आपोआप मिळते. पहिला सुकून मऊ होतो : पाणी उडाल्याने किंवा कोंब आल्याने तो हलका, सुरकुतलेला लागतो, पण हाताला कोरडा असतो आणि त्याला कांद्याचाच वास येतो. हा खाण्यास योग्य आहे. दुसरा सडून मऊ होतो, आणि ही सड बहुधा मानेतून, म्हणजे पात वाळून गेलेल्या टोकातून, आत शिरते. त्यामुळे बाहेरून कांदा चकचकीत आणि टणक दिसतो, पण मानेजवळ अंगठा दाबला की तो आत जातो. बुडाकडून दाबल्यास कधी कधी आतला गाभा मानेतून निसटून हातात येतो.

आपण पाठवलेल्या छायाचित्रातील कांदा आडवा कापलेला आहे. आडव्या कापात एखादे तपकिरी कडे दिसते, ते क्षुल्लक वाटते आणि मन फसते. कांदा मानेपासून मुळापर्यंत उभा चिरावा. म्हणजे तो तपकिरी, पाणचट पापुद्रा मानेपासून किती खाली उतरला आहे ते एका नजरेत दिसते. आपल्या कांद्यात शेजारचे पापुद्रे पांढरे दिसत असले तरी सडलेला पापुद्रा आतला आहे, त्यामुळे तो कांदा पूर्ण टाकावा. अगदी बाहेरचा एकच पापुद्रा खराब असेल, आतला भाग कडक असेल आणि आंबूस वास नसेल, तरच बाहेरचे सोलून उरलेला शिजवून वापरावा.

काही विक्रेते कोंब कापून जुना कांदा ताजा म्हणून विकतात, हे मला मुळीच मान्य नाही. त्या ओल्या कापातूनच सड आत जाते. घेताना मान पाहावी. गोणीभर नव्हे तर कांदाचाळीतलाच माल असा होत असेल, तर थांबू नका. चार कांदे घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा.

सालीखाली काळी भुकटी असते. त्याने म्युकरमायकोसिस होतो ना? (भुसावळ)

ही २०२१ मधली अफवा आहे आणि ती अजून फिरते, याचा खेद वाटतो. आपण जिला काजळी म्हणतो ती अॅस्परजिलस नायजर नावाची वेगळी बुरशी आहे. सुक्या साली काढून कांदा वाहत्या पाण्याखाली धुवावा, सुरी आणि हातही धुवावेत. काळेपणा आतल्या रसदार पापुद्र्यात उतरला असेल तर कांदा टाकावा. दमा असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांनी असे कांदे सोलू नयेत आणि याबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे.

लसूण मऊ पडू लागला म्हणून सोलून, तेलात बुडवून बरणीत ओट्यावर ठेवला आहे. महिनाभर टिकेल ना? (अमळनेर)

ती बरणी कृपया आजच टाकून द्यावी. चवही पाहू नये.

लसूण जमिनीत वाढतो, आणि मातीत क्लोस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू असतात. उघड्यावरच्या लसणात ते निपचित पडून राहतात, कारण हवेत त्यांची वाढ होत नाही. आपण तेल ओततो तेव्हा हवा बंद करतो. लसणात आंबटपणा फारसा नसतो, ओलावा पुरेसा असतो आणि आपल्याकडचे स्वयंपाकघर उबदार असते. म्हणजे त्या जिवाणूला हवे ते सर्व एका बरणीत मिळते. त्याने तयार केलेल्या विषाला वास नसतो, चव नसते, आणि तेल स्वच्छच दिसते. म्हणून ‘वास घेऊन पाहिला, चांगला होता’ हे मला सांगू नये.

१९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे एका उपाहारगृहात तेलातला चिरलेला लसूण फ्रिजबाहेर ठेवला गेला आणि ३६ जणांना बोटुलिझम झाला. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात तसाच प्रकार घडल्यावर अमेरिकेत अशा विक्रीच्या लसणात आम्ल घालणे बंधनकारक करण्यात आले. घरी अंदाजाने पिळलेले लिंबू मात्र त्या मापाच्या आम्लाची जागा घेऊ शकत नाही.

मग काय करावे? पाकळी पिवळसर, मेणासारखी पारदर्शक आणि चिकट झाली असेल, किंवा तिच्यावर निळसर बुरशी असेल, तर ती टाकावी. कडक पाकळ्या सोलून, तेल न घालता, फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. तेलात हवाच असेल तर फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावा. खिचडीवर लसणाची फोडणी करून लगेच घ्यायला काहीच हरकत नाही. उरलेली वाटी ओट्यावर ठेवू नये. खोबरे आणि लसूण भाजून केलेली कोरडी चटणी या धोक्यात येत नाही, कारण तिच्यात ओलावा नसतो. बाजारात तारीख आणि घटक न छापलेली सुटी लसूण पेस्ट मिळते, ती स्वस्त पडते म्हणून घेऊ नये.

त्या बरणीतला लसूण घरात कोणी खाल्ला असेल आणि दोन-दोन दिसणे, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे किंवा गिळता न येणे यांपैकी काहीही जाणवले, तर घरगुती उपायात एक तासही न घालवता मोठ्या रुग्णालयात जावे व डॉक्टरांना लसणाच्या तेलाबद्दल आवर्जून सांगावे. लक्षणे बहुधा १२ ते ३६ तासांत दिसतात, पण काही दिवसांनीही दिसू शकतात.

मऊ कांद्याची भाजी खाल्ल्यापासून वडिलांना जुलाब होत आहेत. ओवा द्यावा का? (साक्री)

पत्राच्या उत्तराची वाट न पाहता त्यांना डॉक्टरांकडे न्यावे. तोपर्यंत जलसंजीवनी द्यावी.

कोंब येऊ नयेत म्हणून कांदे-लसूण फ्रिजमध्ये ठेवू का? (रावेर)

अख्खे ठेवू नयेत. साधारण २५ ते ३० अंश तापमानात कांदा सुप्त राहतो आणि १० ते २० अंशांत कोंब लवकर येतात, म्हणून तर ते थंडी सुरू होताच दिसतात. फ्रिजच्या गारव्यात आणि ओलाव्यातही ते थांबत नाहीत, लसणालाही तेच लागू आहे. जाळीच्या पिशवीत, सावलीत, वारा खेळेल अशा जागी पातळ थरात पसरून ठेवावे आणि आठवड्यातून एकदा माना दाबून पाहाव्यात.