सोसायटीच्या क्विझमध्ये बरोबरी झाली तर?

प्रश्न: वडोदऱ्यात आमच्या सोसायटीत सहा संघांची क्विझ आहे. मागच्या वेळी पहिल्या नंबरावरून भांडण झालं. गुण आणि टायब्रेकर कसे ठेवू?

उत्तर: बझर नकोच, "आधी कोणी दाबला" यावरूनच वाद पेटतात. आठ-आठ प्रश्नांच्या चार फेऱ्या ठेवा. सगळे संघ कागदावर उत्तरं लिहितील आणि तपासायला कागद शेजारच्या संघाकडे जाईल. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला वजा काही नाही. प्रत्येक फेरीनंतर गुण फळ्यावर लिहा; हरकत पुढची फेरी सुरू होण्याआधीच घ्यायची.

टायब्रेकरला आकडा विचारा, म्हणजे पुन्हा बरोबरी क्वचितच होते. उदाहरणार्थ, सयाजीराव तिसरे गादीवर कोणत्या साली आले? उत्तर 1875. एका संघाने 1881 लिहिलं, दुसऱ्याने 1870, तर फरक 6 आणि 5, दुसरा जिंकला. वर-खाली कुठेही चालेल, जवळचा आकडा जिंकतो, हे सुरुवातीलाच सांगा. फरकही सारखाच निघाला तर लागेल म्हणून असा आणखी एक प्रश्न तयार ठेवा.

क्विझमास्तर दुसऱ्या सोसायटीतला आणा, कोणाचा नातेवाईक नको. प्रश्न त्यानेच काढावेत, आणि चालणारी पर्यायी उत्तरं (बडोदा, वडोदरा दोन्ही) आधीच लिहून ठेवावीत.