वृत्तचितीतून दोन शंकू वजा केल्यावर गोलाचे घनफळ कसे मिळते?

प्रश्न: गोलाचे घनफळ 4/3 πr³ हे पाठ आहे, पण ते कुठून आले हे कळत नाही. वृत्तचितीतून दोन शंकू काढले की गोलाएवढेच उरते असे वाचले. कॅल्क्युलस न वापरता हे पटवून देता येईल का?

उत्तर:

होय, आणि त्यासाठी पायथागोरसचा सिद्धांत व शंकूच्या घनफळाचे सूत्र एवढेच पुरते. शंकूचे घनफळ त्याच तळाच्या आणि त्याच उंचीच्या वृत्तचितीच्या एक तृतीयांश असते, हे मी येथे गृहीत धरतो.

r त्रिज्येचा गोल घ्या. त्याच्या शेजारी त्याच पातळीवर r त्रिज्येची आणि 2r उंचीची वृत्तचिती उभी करा, म्हणजे दोघांची उंची सारखी होईल. आता वृत्तचितीच्या वरच्या आणि खालच्या तळावर एकेक शंकू असा कल्पा की दोघांची टोके वृत्तचितीच्या मध्यबिंदूपाशी एकमेकांना भिडतील. प्रत्येक शंकूच्या तळाची त्रिज्या r आणि उंचीही r आहे. हे दोन शंकू कोरून काढले की उरणाऱ्या घनाकृतीला मध्यावर अजिबात पोकळी नसते. वर किंवा खाली जावे तसतशी पोकळी रुंदावते आणि दोन्ही टोकांना भिंतीची जाडी शून्य होते.

आता मध्यापासून h उंचीवर एका आडव्या प्रतलाने दोन्ही घनाकृती छेदू. गोलाचा छेद वर्तुळ असतो. गोलाच्या केंद्रापासून त्या वर्तुळाच्या परिघावरील बिंदूपर्यंतचे अंतर r, उभी बाजू h, म्हणून पायथागोरसच्या सिद्धांतानुसार वर्तुळाच्या त्रिज्येचा वर्ग r² − h² आणि त्याचे क्षेत्रफळ π(r² − h²). दुसऱ्या घनाकृतीचा छेद वलयाकार असतो. त्याची बाहेरची त्रिज्या सर्वत्र r असते. आतली त्रिज्या शंकूवरून ठरते, आणि शंकूची उंची व तळाची त्रिज्या सारखीच असल्यामुळे टोकापासून h अंतरावर शंकूची त्रिज्याही h इतकीच भरते. म्हणून वलयाचे क्षेत्रफळ πr² − πh², म्हणजे पुन्हा π(r² − h²).

त्रिज्या १० सेंमी आणि h = ६ सेंमी घेऊन पाहा. गोलाच्या छेदाची त्रिज्या ८ सेंमी येते आणि क्षेत्रफळ ६४π चौरस सेंमी. वलयाचे क्षेत्रफळ १००π − ३६π, म्हणजे तेही ६४π. आकार अगदी वेगळे असूनही हे दोन छेद क्षेत्रफळाने समान आहेत, आणि ही समानता एखाद्या सोयीच्या उंचीवर नव्हे, तर प्रत्येक उंचीवर आहे.

आकृती काढताना बरेच विद्यार्थी शंकू उलटे बसवतात, म्हणजे तळ मध्यावर आणि टोके बाहेरच्या बाजूला. तसे केले तरी वजाबाकी तीच येते, त्यामुळे उत्तर बरोबर दिसते, पण सिद्धता मात्र कोसळते, कारण एकाच उंचीवरचे छेद आता जुळत नाहीत. शंका आली तर दोन टोके तपासावीत: मध्यावर गोलाचा छेद सर्वांत मोठा, πr² असतो, म्हणून तेथे वृत्तचिती पूर्ण भरीव असली पाहिजे; गोलाच्या माथ्यावर छेद शून्य होतो, म्हणून तेथे वृत्तचिती पूर्ण पोकळ असली पाहिजे.

प्रत्येक उंचीवर छेद समान असतील तर घनफळेही समान असतात, हे तत्त्व १६३५ साली कावालिएरी या इटालियन गणितज्ञाने मांडले आणि ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. पाठ्यपुस्तके बहुधा एवढे सांगून पुढे जातात. मला ते पुरेसे वाटत नाही, कारण छेदाला जाडी नसते आणि जाडी नसलेल्या छेदांची बेरीज करून घनफळ मिळते असे म्हणणे हे पटवून देणे नव्हे. सुदैवाने येथे ही उणीव साध्या अंकगणिताने भरून काढता येते.

फक्त वरचा अर्धा भाग घ्या आणि १० सेंमी उंचीचे १ सेंमी जाडीचे दहा थर करा. अर्धगोलाचा कोणताही थर घेतला तरी त्याच्या माथ्यावरच्या छेदाएवढी सरळ चकती त्यात मावते आणि त्याच्या तळावरच्या छेदाएवढ्या चकतीत तो थर स्वतः मावतो. शंकू काढलेल्या वृत्तचितीच्या थरालाही हेच लागू पडते, फक्त चकतीऐवजी वलय घ्यायचे. वलयांची क्षेत्रफळे चकत्यांइतकीच असल्यामुळे दोन्ही घनफळे त्याच दोन संख्यांच्या मध्ये सापडतात. आत मावणाऱ्या चकत्यांची बेरीज (१००० − ३८५)π, म्हणजे ६१५π घन सेंमी. येथे ३८५ ही १ ते १० या संख्यांच्या वर्गांची बेरीज आहे. बाहेरून वेढणाऱ्या चकत्यांची बेरीज (१००० − २८५)π, म्हणजे ७१५π. या दोहोंतला फरक १००π, म्हणजे सर्वांत खालच्या एका चकतीचेच घनफळ. थर १ मिलिमीटरचे केले की फरक १०π वर येतो, आणि आणखी पातळ केले तर हवा तेवढा लहान करता येतो. दोन घनफळांत खरोखर काही तफावत असती, तर थर पुरेसे पातळ केल्यावर ती या फरकात मावली नसती. म्हणून ती शून्यच असली पाहिजे.

आता फक्त वजाबाकी उरते. वृत्तचितीचे घनफळ πr² × 2r = 2πr³, दोन शंकूंचे मिळून 2 × 1/3 πr³ = 2/3 πr³, आणि म्हणून गोलाचे घनफळ 2πr³ − 2/3 πr³ = 4/3 πr³. गोल हा त्याला वेढणाऱ्या वृत्तचितीच्या दोन तृतीयांश असतो, हा आर्किमिडीजचा निष्कर्षही यातच आला. आर्किमिडीजची स्वतःची वाट मात्र निराळी होती. गोलाशी वृत्तचिती व शंकू यांची अशी थेट तुलना लुका व्हालेरिओच्या १६०४ सालच्या ग्रंथात आहे, आणि गॅलिलिओने १६३८ मध्ये त्याचा आदराने उल्लेख करून तिच्यातून उद्भवणारे एक कोडे मांडले. आपल्या आकृतीत ते असे दिसते: अगदी माथ्यावर गोलाचा छेद आकसून बिंदू होतो, तर वलय आकसून वर्तुळाचा पूर्ण परिघ होतो; मग बिंदू आणि परिघ समान मानायचे का? क्षेत्रफळापुरते होय, कारण दोघांचेही क्षेत्रफळ शून्य आहे. लांबीबद्दल ही पद्धत काहीच सांगत नाही.

म्हणूनच या तुलनेतून पृष्ठफळ काढण्याचा मोह टाळावा. शंकू काढलेल्या वृत्तचितीचे बाहेरचे वक्रपृष्ठफळ 2πr × 2r = 4πr², म्हणजे नेमके गोलाच्या पृष्ठफळाएवढे येते, पण आतल्या दोन शंकूंचे 2√2 πr² त्यात मिळवावे लागते आणि एकूण जुळत नाही. पृष्ठफळ हवे असेल तर मिळालेल्या घनफळावरून मागे यावे. गोलाच्या केंद्राशी टोक आणि पृष्ठभागावर इवलासा तळ असे असंख्य सूच्याकार तुकडे कल्पिले, तर प्रत्येकाची उंची r असते, म्हणून घनफळ = पृष्ठफळ × r ÷ 3, आणि त्यावरून पृष्ठफळ 4πr² मिळते. भास्कराचार्यांनी लीलावतीत दिलेला नियम, पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागावे, हाच आहे, कारण व्यासाचा सहावा भाग म्हणजे त्रिज्येचा तिसरा भाग.