आईच्या सहा लाखांबद्दल

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. जिनिंगमधले वडिलांचे पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे मिळून सहा लाख आईच्या खात्यावर जमा झाले, आई धरणगावात एकटी, वय सत्तावन्न, आणि तिला दरमहा काहीतरी हातात यायला हवं, हे सगळं तू नीट लिहिलंस. घर स्वतःचं आहे आणि तू नाशिकहून थोडे पैसे पाठवतेस, म्हणजे तिला सगळा खर्च या व्याजावर भागवायचा नाही. हे आधी लिहिलंस ते बरं केलंस, कारण त्यावरच बराच हिशेब अवलंबून आहे.

मी चौतीस वर्षं टपाल खात्यात काढली, त्यामुळे माझा कल पोस्टाकडे असणार हे धरून वाच. म्हणून खाली आकडे मांडले आहेत. तू कागद-पेन घेऊन ते स्वतः करून बघ.

आधी तुझ्या मावसभावाबद्दल. तो गावातल्या पतसंस्थेत अकरा टक्के मिळतील म्हणतो आणि महिन्याचं व्याज घरी आणून देईन म्हणतो. मुलगा प्रामाणिक आहे, मी त्याला ओळखतो. पण पैसे त्याच्याकडे राहणार नाहीत, संस्थेकडे राहणार आहेत. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी रावेरच्या केळीचे आलेले पैसे एका पतसंस्थेत ठेवले होते. चेअरमन ओळखीचा, शाखा बाजारपेठेत, पावतीवर मोठा गोल शिक्का. दोन वर्षं व्याज वेळेवर आलं. मग एका महिन्यात 'पुढच्या आठवड्यात या' झालं, मग काउंटरवर माणूसच दिसेनासा झाला. पुढे एक गृहस्थ घरी आले आणि पावतीचे शंभराला तीस देतो म्हणाले. त्यांच्याकडे त्याच संस्थेचं कर्ज होतं, आमची पावती पूर्ण रकमेने दाखवून त्यांना ते फेडायचं होतं. वडिलांनी विकली. ते पैसे घेऊन ओसरीवर बसलेले वडील मला अजून आठवतात.

असं का होतं ते समजून घे. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिच्यावर सहकार खात्याची देखरेख असते, रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो, आणि ठेवींना डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचा विमा नसतो. बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून, पाच लाखांपर्यंत हा विमा मिळतो. ही मर्यादा २०२० पासून पाच लाख झाली, त्याआधी एक लाखच होती. नागरी आणि जिल्हा सहकारी बँकाही यात येतात, पतसंस्था येत नाही. संस्थेने मोठी कर्जं मोजक्या आपल्याच माणसांना दिली आणि ती थकली, की ठेवीदारामागे उभं राहायला कोणीच नसतं. एखाद्या नावाबद्दल शंका आली तर dicgc.org.in वर विमा असलेल्या बँकांची यादी आहे, तिथे नाव शोध. तिथे नाव नसेल तर तो विषय संपला.

आता अकरा टक्क्यांचा मोह किती रुपयांचा आहे ते बघ. सहातले एक लाख अडीअडचणीला बाजूला ठेवले, तर उरलेल्या पाच लाखांवर अकरा टक्के म्हणजे महिन्याला सुमारे ४,५८३ रुपये. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेचा, म्हणजे एमआयएसचा दर हे लिहिताना ७.४ टक्के आहे, त्याने महिन्याला ३,०८३ होतात. फरक पंधराशेचा. पंधराशे दरमहा जास्त घेत राहिलं तर फक्त त्या जास्तीच्या पैशातून पाच लाख भरून यायला ३३३ महिने लागतात, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस वर्षं. तोवर संस्था एकदाही अडकता कामा नये. आईने तेवढी वाट बघावी असं मला वाटत नाही. मावसभावाला तोंडावर नाही म्हणणं जड जात असेल तर सांग, 'आईने पैसे आधीच पोस्टात अडकवले.' ते खरंच असेल, कारण तू आधी खातं उघडून घेणार आहेस.

बँकेच्या एफडीचं एक बारीक कलम पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जाहिरातीतला दर तिमाही व्याजाचा असतो. तू दरमहा व्याज मागितलंस की बँक तेच व्याज थोडं आधी देते, म्हणून किंचित कापून देते. दर साडेसहा टक्के धरला तर दोन लाखांवर महिन्याला १,०८३ ऐवजी सुमारे १,०७७ येतात. हा फरक सहा रुपयांचा, पण पोस्टाशी तुलना करताना तो धरायलाच हवा. पोस्टात दोन लाखांवर १,२३३ येतात.

मी तुला लिहायला बसलो तेव्हा मनात वेगळाच बेत होता. आई तीन वर्षांनी साठीची होईल, तेव्हा तिला ज्येष्ठ नागरिक बचत योजना मिळेल, जिचा दर सध्या ८.२ टक्के आहे. म्हणून दोन लाख बरोबर तीन वर्षांच्या एफडीत ठेवायचे आणि साठीला उचलून तिकडे न्यायचे. पण आकडे मांडले तर उलटंच निघालं. एफडी आणि पोस्ट यांत महिन्याला १५६ रुपयांचा फरक, छत्तीस महिन्यांत साडेपाच हजारांच्या वर जातो. एमआयएस तीन वर्षांनंतर मोडली तर मुद्दलातून एक टक्का, म्हणजे दोन लाखांचे दोन हजार कापतात. म्हणजे मोडायची वेळ आली तरी पोस्टच पुढे राहतं. आणि मोडून ज्येष्ठ योजनेत नेण्यातही फार काही नाही: उरलेल्या दोन वर्षांत दर ०.८ टक्क्यांनी जास्त, म्हणजे ३,२०० चा फायदा, त्यातून ते दोन हजार गेले की हाती बाराशे. शिवाय ज्येष्ठ योजनेचं व्याज तिमाहीला येतं. माझं मत, पाच वर्षं पूर्ण होऊ दे, मग बासष्टाव्या वर्षी ने. तेव्हाचा दर तेव्हा बघू, सरकार तो दर तिमाहीला ठरवतं. मात्र एकदा खातं उघडलं की आपला दर पाच वर्षं बदलत नाही, वर गेला तरी नाही आणि खाली आला तरी नाही.

आता मोडण्याबद्दल, कारण चुका इथेच होतात. एमआयएसमधून अर्धे पैसे काढता येत नाहीत. काढायचे तर सगळं खातं बंद करावं लागतं. पहिल्या वर्षात तर बंदही होत नाही. एक ते तीन वर्षांत बंद केलं तर दोन टक्के कापतात, तीन ते पाच वर्षांत एक टक्का. तुम्ही पाच लाखांचं एकच खातं उघडलंत आणि चौदाव्या महिन्यात आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला साठ हजार लागले, तर साठ हजारांसाठी पाच लाख मोडावे लागतील आणि दहा हजार कापले जातील. माझ्या काउंटरवर असे कितीतरी लोक आले. त्यांना फॉर्म देताना मला वाईट वाटायचं.

म्हणून पाच लाखांची तीन खाती उघड: दोन लाख, दोन लाख आणि एक लाख. एका माणसाच्या नावावर सगळ्या खात्यांची मिळून नऊ लाखांची मर्यादा आहे, त्यामुळे तीन खाती चालतात. तेच ऑपरेशन आलं तर फक्त एक लाखाचं खातं मोडेल आणि दोन हजार जातील. तोवर त्या खात्याने चौदा महिन्यांत सुमारे ८,६०० व्याज दिलेलं असेल, म्हणजे कापूनही वर्षाला साधारण पावणेसहा टक्के पडले. इतकं झालं तर वाईट नाही.

उरलेला एक लाख बँकेत एफडीत ठेव, आई जिथे पेन्शनचं खातं चालवते तिथेच चालेल, फक्त ती बँक असावी. हा पैसा रात्री-बेरात्री लागणाऱ्या खर्चाचा. एफडी मुदतीआधी मोडली तर बँक दर थोडा कमी लावते, पण पैसे त्याच दिवशी मिळतात. आधी हा मोडायचा, पोस्टाला हात नंतर.

तिन्ही खाती एकाच दिवशी उघडू नकोस. एमआयएसचं व्याज ज्या तारखेला खातं उघडलं त्या तारखेला दर महिन्याला जमा होतं. एक खातं पाच तारखेला, दुसरं पंधराला, तिसरं पंचवीसला उघडलंस तर आईला किराणा, गॅस आणि औषधं यांना वेगवेगळ्या वेळी पैसे येतील. आणि व्याज पोस्टाच्या बचत खात्यात आपोआप जमा व्हावं असं फॉर्ममध्येच मांड. लोक व्याज एमआयएस खात्यातच पडू देतात, आणि त्या न उचललेल्या व्याजावर एक पैसाही व्याज मिळत नाही. बचत खात्यावर निदान चार टक्के मिळतात.

एक गोष्ट मला खटकते, ती लिहितो. ३,०८३ हे साठ महिने ३,०८३ च राहतील. तेल, सिलिंडर, डॉक्टरची फी राहणार नाही. त्यामुळे यातले पाचशे दरमहा पोस्टाच्याच आवर्ती ठेवीत टाकायला सांग, सध्या तिचा दर ६.७ टक्के आहे. पाच वर्षांनी पस्तीस हजारांच्या वर जमतील, त्यातून पुढच्या पाच वर्षांच्या खात्यात मुद्दल थोडं वाढेल. आईला हे 'पाचशे कमी' असं वाटेल. तिला सांग, हे घरातल्या डब्यातले पैसे आहेत, डबा फक्त पोस्टात आहे.

रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांबद्दल विचारलं होतंस. दर चांगला आहे, पण व्याज वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैला येतं, आणि पैसे सात वर्षं अडकतात. दरमहाच्या खर्चाला ते उपयोगाचे नाहीत, आत्ता सोडून दे.

जाताना आईचं आधार, पॅन, दोन फोटो आणि चेक घे. रोख नको. नॉमिनी म्हणून तुझं नाव लिहायला विसरू नकोस. तो रकाना मोकळा राहिला की वारसाच्या दाखल्यासाठी लोकांना हेलपाटे घालताना मी पाहिलंय. खाती तिच्याच नावावर असू देत, सही तिचीच. पासबुकात पहिली नोंद छापून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नकोस, आणि मुदत संपण्याची तारीख तिला मोठ्याने वाचून दाखव.

अडलं तर दुपारी फोन कर. सकाळी मी मळ्यात असतो, तिथे रेंज नसते.

तुझा,
काका