ड्रोनच्या फोटोत माळावरचा कळप मेंढ्यांचा की काळविटांचा, कसं ओळखायचं?

"सोलापूरकडच्या माळाचा ड्रोन फोटो आहे, सकाळचा, १०० मीटरवरून सरळ खाली घेतलेला. त्यात पंचवीस-तीस ठिपके दिसतायत. मेंढ्या आहेत, शेळ्या आहेत की काळवीट? झूम केलं तरी कळत नाहीये."

आधी साइज मोजून बघायचा मोह होतो पण इथे साइजवरून काही सुटत नाही. समजा तुमच्या फोटोत एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर साधारण २.७ सेंमी आहे (२० मेगापिक्सेलच्या एक इंच सेन्सरवाल्या ड्रोनला १०० मीटरवर एवढंच येतं), आणि एका जनावराची सावली पायापासून पाठीच्या वरच्या कडेपर्यंत ३७ पिक्सेल भरली, म्हणजे साधारण १ मीटर. फोटोची वेळ आणि जागा टाकून सूर्याची उंची काढा, कुठल्याही सन कॅल्क्युलेटरवर मिळते. ती ३५ अंश निघाली तर जनावराची उंची = सावली × tan 35° म्हणजे १ × ०.७, म्हणजे ७० सेंमी. आता दख्खनी मेंढी पण साधारण एवढीच आणि काळविटाची मादी पण त्याच्या आसपासच, मग काय ठरवणार? हां, गाई-म्हशी मात्र एवढ्यावरच बाजूला काढता येतात. आणि माळ उताराचा असेल तर सावली लांबते किंवा आखडते, मग हा हिशोब सोडूनच द्या.

खरं ओळखायचं ते सावलीच्या आकारावरून. वरून बघताना पाय आणि मान अंगाखाली झाकले जातात, सावलीत मात्र जनावर आडवं, बाजूने दिसतं. फक्त सूर्य त्याच्या कुशीच्या बाजूला हवा, तोंडावर किंवा शेपटीकडे असला तर सावली नुसती आखूड पट्टी पडते, म्हणून कळपातली आडवी उभी असलेली चार-पाच जनावरं शोधा आणि तेवढीच बघा. मेंढीची सावली जाड आणि बसकी असते, मान खाली चरण्यात गेलेली, डोकं अंगातच मिसळल्यासारखं. काळविटाची पोटाकडे बारीक होत जाते, पाय लांब सुट्टे दिसतात, आणि कळपात एक-दोघं तरी मान वर करून बघत असतात तेव्हा ती उभी मान सावलीत लगेच कळते. नराच्या शिंगांची सावली मात्र या उंचीवरून केसासारखी पुसट येते, शिंगं दिसली नाहीत म्हणून काळवीट नाही असं समजू नका.

अंगाचा आकार बघताना लोकरीने फसायला होतं. लोकर वाढलेली मेंढी वरून लंबगोल, भरलेली दिसते, शेळी अरुंद, मान पुढे काढलेली. पण नुकतीच कातरलेली मेंढी वरून थेट शेळीसारखी दिसते, आणि आपल्याकडे उस्मानाबादी शेळ्या काळ्या, दख्खनी मेंढ्याही बहुतेक काळ्याच त्यामुळे रंगाचा काही उपयोग नाही. मग कळप कसा पसरलाय ते बघा. मेंढ्या एकमेकींना चिकटून, बहुतेकींची तोंडं एकाच दिशेला. त्याच कळपातल्या शेळ्या कडेला फुटलेल्या असतात, बोरी-बाभळीच्या झुडपांशी. काळविटांमध्ये दोघांत बरंच अंतर असतं आणि तोंडं वाट्टेल तिकडे. आणि कळपाच्या मागे-पुढे एखादी उभी, लांब, बारीक सावली दिसली की तो मेंढका, मग प्रश्नच मिटला.

पण अंतरावर विश्वास फक्त पहिल्या एक-दोन फ्रेमपुरता ठेवा. ड्रोनच्या आवाजाने मेंढ्या आणखी गोळा होतात आणि काळवीट पण एकत्र येऊन पळत सुटतात, मग दोन्ही कळप सारखेच दिसायला लागतात. फोटोची मालिका असेल तर सगळ्यात आधीची फ्रेम उघडा, आणि तिच्यात सुद्धा मधलाच भाग बघा, कारण कडेची जनावरं लेन्समुळे बाहेर कललेली दिसतात, त्यांची एक कूस दिसायला लागते आणि वरून दिसणारा आकार बिघडतो.

मोजायचं असेल तर अंग नाही, सावल्या मोजा. काळविटाच्या माद्या वाळलेल्या गवताच्याच रंगाच्या असतात, उन्हाळ्यात नुसतं अंग शोधलं तर निम्म्या सुटतील. फक्त बसलेल्या जनावराची सावली बारीक कडेसारखी असते ती दगडाशी गल्लत करते, तिथे मिनिटभरानंतरची फ्रेम लावून बघा, जागा किंवा तोंड बदललं तर जनावर. तरी हललं नाही तर ते "नक्की नाही" म्हणून वेगळं लिहा, एकूण आकड्यात घालू नका.

तुमच्या वर्णनावरून मला मेंढ्या वाटत नाहीत. शंभर मीटरवरून पंचवीस-तीस ठिपके तुम्हाला सुटे सुटे मोजता आले म्हणजे ते मोकळे उभे होते, मेंढ्या एवढ्या मोकळ्या फार कमी वेळा उभ्या राहतात. शेळ्या असू शकतात, म्हणून आधी बघा की ठिपके झुडपांजवळ आहेत की उघड्या गवतात. उघड्या गवतात असतील तर आडव्या उभ्या जनावरांच्या सावल्या कापून इथे टाका. आणि खात्री करायला ड्रोन परत त्यांच्यावर खाली आणू नका, काळवीट बिथरून पळतात, आणि जागा अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वनविभागाच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही.