लघवीला फेस येतो, प्रथिनं जातायत का?

प्रश्न: महिनाभर सकाळी लघवीला फेस येतोय. वडिलांना मधुमेह आहे. किडनी बिघडली असेल का?

उत्तर: नुसत्या फेसावरून ते ठरत नाही. रात्रभर साठलेली लघवी दाट असते, जोरात पडली की फेस होतोच; तो थोड्या वेळात विरतो. पाणी ओतूनही न जाणारा, रोज दिसणारा फेस मात्र तपासावा.

पट्टीच्या तपासणीवर थांबू नका. लघवी पातळ असली तर पट्टी प्रथिनं चुकवते, दाट असली तर उगाच '१+' दाखवते. म्हणून सकाळच्या पहिल्या लघवीचं 'अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर' करा. अल्ब्युमिन हे गळणारं प्रथिन; क्रिएटिनिन हा शरीरातला टाकाऊ पदार्थ, त्यावरून लघवी किती दाट आहे ते कळतं. समजा, लिटरमागे अल्ब्युमिन ६० मिलिग्रॅम आलं. क्रिएटिनिन २ ग्रॅम असेल तर गुणोत्तर ३०, म्हणजे अगदी सीमेवर. पण अर्धाच ग्रॅम असेल तर १२०, म्हणजे गळती नक्की जास्त. अल्ब्युमिन तेवढंच, अर्थ वेगळा.

ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीचा जबर व्यायाम यांनीही आकडा चढतो. त्यामुळे तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने ३० च्या वर आले, तरच गळती कायमची धरतात. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन, साखर आणि रक्तदाब बघून घ्या. पायावर किंवा डोळ्यांभोवती सूज असेल, तर इतकं थांबू नका, याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.