एमबी आणि एमबी यांत आठ पटींचे अंतर

"माझा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, पण डाउनलोड करताना ११ एमबीच दिसतात. कंपनी फसवते आहे का? ६ जीबीची फाइल उतरायला नक्की किती वेळ लागायला हवा?"

तुमची फसवणूक झालेली नाही. फाइल साधारण सव्वानऊ मिनिटांत उतरायला हवी. हिशोब पुढे दिला आहे, पण आधी आमच्या घरी घडलेला प्रसंग सांगतो, कारण याच गैरसमजातून आमच्याकडे एका निरपराध मुलाचा अपमान झाला आणि तो मी अजून विसरलेलो नाही.

पुतणीच्या लग्नाच्या चित्रीकरणाची ६ जीबीची फाइल छायाचित्रकाराने लिंकवर पाठवली होती. दादाकडे ५० एमबीपीएसचे कनेक्शन होते. त्याने ६ जीबीला ५० ने भागले आणि दोन मिनिटांत चित्रफीत सुरू होईल असे जमलेल्या पाहुण्यांना सांगून टाकले. दहा मिनिटांनंतरही पट्टी निम्म्याच्या थोडी पुढे सरकलेली पाहून त्याने, कनेक्शन बसवून गेलेल्या मुलाला फोन लावला, संध्याकाळी घरी बोलावले आणि दारातच उभे करून "पन्नास सांगून साडेपाच देता, बाकीचे कोण खातो?" असे चारचौघांत विचारले. तो मुलगा समजावू पाहत होता, पण त्याला एक वाक्यही पुरे करू दिले नाही.

तो गेल्यावर मी दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर हिशोब मांडला. प्लॅनवर छापलेले `Mbps` म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट, आणि डाउनलोडच्या खिडकीतले `MB/s` म्हणजे सेकंदाला इतके मेगाबाइट. एका बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणून ५० भागिले ८, सव्वासहा. त्यातून माहितीच्या दर पाकिटासोबत जाणारा पत्ता आणि इतर नोंदी यांत सुमारे पाच टक्के वाहतूक खर्ची पडते, म्हणून तारेने जोडले तरी सहाच्या आतच वेग मिळतो. आमच्या खिडकीत `5.6 MB/s` दिसत होते, म्हणजे कनेक्शन निर्दोष होते. खिडकीत दाखवलेल्या ६ जीबीचे मेगाबाइट करायचे तर १०२४ ने गुणायचे, ते ६१४४ झाले, त्यांना ५.६ ने भागले की १,०९७ सेकंद, म्हणजे सव्वाअठरा मिनिटे. फाइल तेवढ्याच वेळात उतरली होती.

तुमच्या बाबतीत ६१४४ भागिले ११ केले की ५५९ सेकंद येतात. तोंडी हिशोब करायचा असेल तर मी प्लॅनचा आकडा आठाऐवजी नऊने भागतो. वाटेतली घट त्यात आपोआप धरली जाते.

कंपन्यांनी हा फरक फसवण्यासाठी काढला, हे दादाचे म्हणणे मला मान्य नाही. तारेतून माहिती एकामागून एक बिट अशी जाते, म्हणून दळणवळणाच्या क्षेत्रात वेग पूर्वीपासून बिटांत मोजतात. फोनच्या तारेवरचा ५६ केबीपीएसचा जुना मोडेमही सेकंदाला जेमतेम पाच-सहा किलोबाइट उतरवत असे. फाइल मात्र बाइटांत साठवली जाते, म्हणून तिचा आकार बाइटांत लिहितात. खरी अडचण आपल्या लिपीत आहे. रोमनमध्ये धाकटा b बिटचा आणि थोरला B बाइटचा, एवढी तरी खूण राहते. देवनागरीत दोन्हींचे "एमबी" होते आणि बोलताना तर फरक उरतच नाही. म्हणून मराठी जाहिरातीत आणि पावतीवर "मेगाबिट" हा पूर्ण शब्दच छापला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही प्रोग्रॅम डाउनलोडचा वेगही `Mbps` मध्येच दाखवतात, तेव्हा आधी अक्षरे वाचावीत. "उरलेला वेळ" हा नुकत्याच मिळालेल्या वेगावरून काढलेला अंदाज असतो; सुरुवातीचा आकडा सोडून द्यावा आणि मिनिटभराने पाहावा. फाइल देणारा सर्व्हर मंद असेल किंवा वायफाय दोन भिंतींपलीकडून येत असेल, तर भागाकार कितीही बरोबर असला तरी वेळ जास्त लागेल. तुमचा प्लॅन ३०० चा असता आणि तारेने जोडूनही वेग अकरा-साडेअकराच्या वर कधीच गेला नसता, तर मात्र मी केबलवर संशय घेतला असता: तिच्यातल्या तारांच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली की जोडणी बहुधा १०० मेगाबिटवर उतरते आणि तिची कमाल तिथेच थांबते.

तक्रार करायचीच असेल तर संगणक तारेने जोडा, बाकी डाउनलोड बंद करा, वेगचाचणी घ्या आणि तिचा `Mbps` मधला आकडा वेळेसह लिहून द्या. तो प्लॅनच्या आकड्याशी थेट ताडता येतो, खिडकीतला `MB/s` नाही. दादाने यांतले काहीही न करता त्या मुलाविरुद्ध लेखी तक्रार नोंदवली आणि दिनदर्शिकेवरचा हिशोब पाहिल्यानंतरही ती आजवर मागे घेतलेली नाही.